बोनस मिळतो, गडी उठत नाही

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरकडे गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. मी तेव्हा संख्याशास्त्र शिकत होतो. खोपोली लोकलमध्ये बसून मोबाइलवरच्या चित्रीकरणातली एकेक चढाई वहीत उतरवायचो. कोण गेला, गडी टिपला की नुसता बोनस घेतला, रिकामा परतला की पकडला गेला, एवढंच.

एका स्पर्धेत कर्जतकडचा नावाजलेला संघ खालापूरकडच्या नवख्या पोरांसमोर आला. संगणकावर मी तो सामना हजारो वेळा खेळवून पाहिला. शंभरात पंचावन्न वेळा नवखे जिंकत होते.

मलाही आधी खरं वाटेना, म्हणून वही पुन्हा चाळली. गोम बोनसमध्ये होती. नावाजलेल्यांचा हुकमी चढाईपटू मैदानात असला की संघाला चढाईमागे 0.7 गुण मिळत, तो बाहेर बसला की 0.3. चढाई तीस सेकंदांची, म्हणजे चाळीस मिनिटांत एका संघाच्या साधारण चाळीस चढाया. तो पूर्ण वेळ खेळला तर 28 गुण, अर्धा वेळ बाहेर राहिला तर 20. आता त्याला परत आणायचं कसं? गडी टिपला किंवा पकड केली तरच आपला बाद गडी उठतो; बोनसने गुण चढतो, पण गडी उठत नाही. त्यांचे बाकीचे चढाईपटू बोनसवरच जगत होते आणि पकडी यथातथाच. समोर नवख्यांचा डावा कोपरारक्षक मात्र घोट्याला हात घातला की सोडत नव्हता.

दोन्ही प्रशिक्षकांना दाखवलं. नावाजलेल्यांचे सर हसले. 2016च्या विश्वचषकात अहमदाबादेत कोरियाने भारताला 34-32 हरवल्याचं मी सांगितलं, तर म्हणाले, "ते कोरियावाले रे. ही पोरं परवापर्यंत शेतात होती." खालापूरचे सर तर चिडलेच, "पोरांच्या कानावर घालू नकोस, डोक्यात हवा जाईल."

पूर्वार्धातच हुकमी गडी दोनदा पकडला गेला. दुसऱ्यांदा त्याच्या जोडीदाराने लागोपाठ बोनस आणले, प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, आणि तो बाकावर तसाच बसून राहिला. पुढे लोण बसला. शेवटी नवखे दोन गुणांनी जिंकले.

पंचावन्न म्हणजे जवळपास नाणेफेकच. शिवाय मोजक्याच सामन्यांच्या नोंदी, त्यात कुठे माती, कुठे मॅट. निकाल उलटा लागला असता तरी गणित चुकलं असं मी म्हटलं नसतं. हे खालापूरच्या सरांना समजावू लागलो, तर त्यांनी टक्केवारीचा कागद परत माझ्या हातात दिला आणि विचारलं, "पुढच्या संघातला बोनसवाला कोण, तेवढं लिहून दे."