मळमळ म्हणजे शुद्धी नव्हे

रमजान ईद झाली की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. शिरखुर्म्याची भांडी घासून फळीवर जातात आणि वाढलेल्या पोटाची चर्चा सुरू होते. मग कोणीतरी 'सात दिवसांचा रस-उपवास' सांगणारा कागद आणतो. सकाळी उपाशीपोटी गव्हांकुराचा रस, दहा वाजता दुधीचा, दुपारी पालक, बीट आणि गाजराचा, संध्याकाळी पुन्हा दुधी किंवा कोहळा. भाकरी, भात, डाळ सगळे बंद. त्या कागदावर खाली बहुतेक वेळा एक ओळ असते, ती म्हणजे पहिले तीन दिवस मळमळ, उलटी, डोकेदुखी, थकवा जाणवेल, घाबरू नका, शरीरातले विष बाहेर पडते आहे.

मला रसापेक्षा या ओळीची जास्त भीती वाटते. गव्हांकुराचा एक छोटा पेला बहुतेक धडधाकट माणसांना काही करत नाही. पण ही ओळ धोक्याच्या खुणेलाच गुण ठरवते. मग त्रास जितका वाढेल तितका माणूस अधिक निष्ठेने रस पीत राहतो.

गव्हांकुराची ही लाट आली अमेरिकेतून. बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हा रस घरोघरी नेला. १९८२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने त्यांच्यावर खटला भरला, कारण आपल्या पद्धतीने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते किंवा संपते असा त्यांचा दावा होता. तो दावा त्यांना मागे घ्यावा लागला. १९८८ मध्ये एड्सवरच्या दाव्यांवरून त्या पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या. गव्हांकुराचा रस म्हणजे 'हिरवे रक्त', ही आपल्याकडे ऐकू येणारी गोष्टही त्याच घराण्यातली. पानांतल्या हरितद्रव्याची रचना रक्तातल्या हीमसारखी दिसते हे खरे आहे, पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, दुसऱ्याच्या मध्यभागी लोह. एकाचे दुसरे पोटात होत नाही.

आता मळमळीकडे येऊ. साधी मळमळ असते, तिला घाबरायचे कारण नाही. गवताचा उग्र, गोडसर रस रिकाम्या पोटात गेला की काही मिनिटांत जीव कसनुसा होतो. दोन घास खाल्ले, पाणी प्यायले की तासाभरात बरे वाटते. डोकेदुखीचे कारण तर बऱ्याचदा चहा असतो. रोज चार कप पिणाऱ्याने तो एकदम तोडला की दुसऱ्या दिवशी डोके धरतेच. यात कसलेही विष बाहेर पडत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात, त्यांना त्यासाठी गवत लागत नाही.

पण प्रत्येक मळमळ साधी नसते. मिरजेचे माझे मामू, वय अठ्ठावन्न, एसटीतून निवृत्त. बारा वर्षांचा मधुमेह. रोज मेटफॉर्मिन आणि सकाळी एक डापाग्लिफ्लोझिन. रस देणाऱ्या केंद्रातल्या माणसाने सांगितले, "गोळ्या चालू ठेवा, रसात साखर असते." सोमवारी उपवास सुरू झाला. बुधवारी सकाळपासून मळमळ. मुमानीने केंद्रात फोन केला तर उत्तर मिळाले की हे चांगले लक्षण आहे. संध्याकाळपर्यंत चार उलट्या, पोटात दुखणे आणि धाप लागल्यासारखा खोल, जलद श्वास. घरच्या यंत्रावर साखर पाहिली तर १७८. सगळे म्हणाले, साखर तर ठीक आहे, मग काळजी कसली?

माझी चुलतबहीण नर्स आहे. तिने फोनवर एकच प्रश्न विचारला, "मुमानी, मामू सकाळची ती गोळी घेतात ना, लघवीवाटे साखर काढणारी?" होकार मिळताच ती म्हणाली, "गोळ्यांची पिशवी घ्या आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. साखर बघू नका, कीटोन तपासायला सांगा." तपासले. रक्तात कीटोन भरपूर होते आणि रक्त आम्ल झाले होते.

याचे कारण समजायला अवघड नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे रक्तातली साखर फार चढत नाही. पण माणसाने धान्य बंद केले की शरीरात इन्सुलिन घटते आणि शरीर चरबी जाळू लागते. चरबी जळताना कीटोन तयार होतात. थोडे असले तर चालतात, साचले तर रक्त आम्ल होते. या अवस्थेची पहिली लक्षणे कोणती? मळमळ, उलटी, पोटदुखी, थकवा. म्हणजे नेमकी त्या कागदावर लिहिलेली. आणि ग्लुकोमीटर जवळजवळ निर्धास्त आकडा दाखवत असतो. मामूंना सलाइन, इन्सुलिन आणि त्याच्या जोडीला ग्लुकोजही द्यावे लागले, कारण कीटोन थांबवायला इन्सुलिन हवे आणि साखर खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोज हवे. चार दिवसांनी ते घरी आले. ठरवून केल्या जाणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ही गोळी साधारण तीन दिवस बंद ठेवायला सांगतात, ते याच कारणासाठी.

दुसरी मळमळ दुधीची. दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या फळांत कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. खाण्याच्या जातींत ती नगण्य असतात, पण एखादे फळ कडू निघते. भाजीत कडू फोड लागली तर आपण ताट बाजूला सारतो. रसाचे तसे नाही. अख्खा दुधी एका पेल्यात येतो, आणि 'औषध कडूच असते' म्हणून माणूस नाक दाबून तो पितो. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीच्या कडू रसाने मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीलाही त्रास झाला, पण त्या वाचल्या. दुधीत कारल्याचा रस मिसळलेला होता. अशा मिश्रणात कडवट दुधी ओळखणार कसा? त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचे सांगणे सोपे होते. रस काढण्याआधी दुधीची चकती कापून चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. दुसऱ्या भाजीचा रस त्यात मिसळू नका. पिल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थता असे काहीही झाले तर लगेच रुग्णालयात जा. या विषाला उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार होतात. गंभीर प्रकरणात रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब कोसळतो.

तिसरी मळमळ घाणीची. गहू रात्रभर भिजवून, ओल्या तागावर किंवा मातीत आठ-दहा दिवस वाढवतात. ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि हा रस कधीच उकळला जात नाही. मातीत कच्चे शेणखत असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून कुंड्यांत चांगले कुजलेले खत हवे, पाते मुळापासून नव्हे तर वरून कापायचे, आणि गहू खाण्याचाच घ्यायचा. पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेले, गुलाबी किंवा लाल रंगाचे असते, ते मुळीच वापरू नये. मुळांजवळची पांढरी, बारीक लव नैसर्गिक असते. करडा, काळा किंवा निळसर थर आणि कुबट वास म्हणजे बुरशी. तो ट्रे फेकून द्यावा, वरची पाती वाचवू नयेत. बागेबाहेर कॅनमधून विकला जाणारा रस कधी काढला, बर्फ कुठला, यंत्र कधी धुतले, हे विचारायला लाजू नका. १९९६ साली अमेरिकेत ओडवाला कंपनीच्या न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूची लागण झाली. साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एक लहान मूल गेले. अशा लागणीची खूण म्हणजे लक्षणे लगेच येत नाहीत, बहुतेकदा तीन-चार दिवसांनी पोटात कळा येतात आणि जुलाबात रक्त दिसू लागते. तेव्हा कोणाला तो पेला आठवतही नाही.

आता रस-उपवास कोणी करूच नये? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन ढकलत राहतात, त्यामुळे साखर धोकादायक खाली येऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी. पालक-बीटाच्या रसात पोटॅशियम आणि ऑक्झलेट दोन्ही भरपूर असतात. हिरव्या पालेभाज्यांच्या अशाच रसांनी ऑक्झलेटचे खडे साचून मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. मुतखडा झालेल्यांनीही हे लक्षात ठेवावे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी, कारण हिरव्या पानांतले जीवनसत्त्व के त्या औषधाचा परिणाम कमी करते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी, फार म्हाताऱ्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी. आणि ज्यांचे खाण्याशी नाते आधीच बिघडलेले आहे, अशा तरुण मुलींनी.

आमच्यातले कोणी म्हणते, "रोजे ठेवतो, मग सात दिवस रसाचे काय?" दोन्हींत फरक आहे. रोज्यात मगरिबला माणूस पोटभर जेवतो, रस-उपवासात धान्य आणि प्रथिने दिवसेंदिवस बंद असतात. शिवाय रोज्यात बीमार माणसाला, मुसाफिराला सूट कुराणातच दिलेली आहे, सूरह बकरात. जे फर्ज आहे त्यातही आजाऱ्याला रुखसत मिळते. मग जे फर्जही नाही, सुन्नतही नाही, केवळ कोणीतरी छापलेल्या कागदावर आहे, त्यात ती मिळू नये, हे कुठले शास्त्र? मधुमेही रोजेदार रमजानच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतात. तीच चिठ्ठी रसाच्या पेल्याआधीही हवी.

ज्यांना यातले काही नाही आणि गव्हांकुराची हौस आहे, त्यांनी तीस मिलीचा पेला घ्यावा, नाश्त्याबरोबर, जेवणाऐवजी नव्हे. दोन उलट्यांनंतर पुढचा पेला नको. उलटीसोबत खोल श्वास, घाम, अंग थरथरणे, गुंगी किंवा रक्त दिसले तर आधी दवाखाना, मग त्या केंद्राला फोन. आणि दवाखान्यात जाताना रसात काय काय होते ते आणि गोळ्यांची पिशवी, दोन्ही सोबत न्या. डॉक्टरांना त्या पिशवीतून जे कळते, ते शुद्धीच्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.