रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र

रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र एक रात्र उशाखालीं ठेवावें, असें आमचे वडील सांगत. त्या काळीं पाकिटाला तिकीट लावून टपालपेटीपर्यंत चालत जावें लागे. तेवढ्यांत पुष्कळांचा राग निवत असे. ई-मेलला तेवढेंही चालावें लागत नाहीं. गेल्या ऑगस्टांत आमच्यावर हाच प्रसंग आला; तो वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें सांगत आहों.

मातोश्रींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. ३ तारखेस आम्ही एटीएममधून १०,००० रुपये काढावयास गेलों. यंत्रांतून एकही नोट आली नाहीं. खात्यांतून मात्र रक्कम वजा झाल्याचा संदेश आला. बँकेला दूरध्वनि करून तक्रार नोंदविली, तिचा क्रमांक मिळाला. आणि पुढें चौदा दिवस कांहींच घडलें नाहीं. १७ तारखेच्या रात्रीं आम्हीं बँकेला पत्र लिहिलें.

पाठविण्यापूर्वीं तें थोरल्या वहिनींना दाखविलें, हें सुदैव. त्यांची सारी नोकरी नगरपालिकेंत तक्रारी नोंदविण्यांत गेलेली. त्यांनीं प्रथम वरचा बँकेचा पत्ता पुसून टाकला. "मजकूर पुरा होईपर्यंत ही जागा रिकामी असूं द्या, भाऊजी. चुकून बोट पडलें तरी पत्र जाणार नाहीं." मग त्यांनीं पत्र मोठ्यानें वाचलें. आपलाच राग दुसऱ्याच्या तोंडून ऐकतांना आम्हांस मान खालीं घालावी लागली.

प्रत्येक वाक्यापाशीं थांबून त्यांनीं एकच प्रश्न केला: हें वाचून समोरच्या कारकुनानें काय करावयाचें? 'आपली बँक म्हणजे दरोडेखोरांची टोळी आहे,' यावर त्याला कांहींच करतां येत नाहीं. 'कित्येक दिवस होऊन गेले,' यावरही नाहीं; कारण कोणत्या दिवसापासून, तें आम्हीं लिहिलेंच नव्हतें. 'दूरध्वनीवरील त्या उर्मट मुलीला घरीं बसवा,' या वाक्यानें तर पैशांची तक्रार मागें पडून वागणुकीची दुसरीच तक्रार उभी राहत होती. बारा वाक्यांपैकीं चार उरलीं. आणि नवल असें, कीं यंत्राचा पत्ता, वेळ, व्यवहाराचा क्रमांक व पहिल्या तक्रारीचा क्रमांक यांपैकीं एकही गोष्ट त्या बारांत नव्हती. ती सर्व प्रथम घातली.

मग आम्ही उलट्या टोकाला गेलों आणि 'शक्य झाल्यास कृपादृष्टि व्हावी' असें लिहूं लागलों. वहिनींनीं तेंही खोडलें. "हक्काचे पैसे मागतांना पदर कां पसरतां?" रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणें अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत परत जमा व्हावी लागते, पुढील प्रत्येक दिवसाबद्दल १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानें न मागतां, द्यावी लागते. आमची मुदत ८ तारखेस संपली होती. १७ तारखेपर्यंत ९ दिवसांचे ९०० रुपये झाले. हा हिशेब पत्रांत आल्यावर आवाज चढविण्याचें कारणच उरलें नाहीं.

'कोर्टांत खेचूं' हें वाक्य जाऊन तेथें असें आलें: 'तक्रारीपासून ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊं.' ही धमकी नव्हे, नियमांतील पुढची पायरी होय. त्या पायरीवर बँकेला लिहिलेलें हेंच पत्र दाखवावें लागतें, आणि शिवराळ तक्रार लोकपालाच्या योजनेंत ग्राह्य धरली जात नाहीं. म्हणजे पत्राचा दुसरा वाचक कोण, हेंही लिहितांना ध्यानांत ठेवावयास हवें होतें.

राग मात्र सगळाच पुसला नाहीं. 'ही रक्कम न मिळाल्यामुळें आईच्या शस्त्रक्रियेची अनामत शेजाऱ्यांकडून उसनी घ्यावी लागली,' हें वाक्य वहिनींनीं राहूं दिलें. तें खरें होतें, आणि त्यांत विशेषण एकही नव्हतें.

पत्र सकाळीं गेलें. २० तारखेस १०,००० रुपये जमा झाले. भरपाईचा मात्र पत्ता नव्हता. सौम्य पत्रानें बँक धर्मात्मा होते, असें कोणीं समजूं नये. आम्हीं त्याच पत्राखालीं दोन ओळी लिहिल्या: मुदतीनंतर १२ दिवस झाले, १,२०० रुपये येणें आहेत. ते आठवड्यानें आले. पहिल्या पत्रावर हें दुसरें मागणें उभें करतां आलें, कारण त्यांत तारखा होत्या.

तें मूळचें बारा वाक्यांचें पत्र आम्हीं अद्याप काढून टाकलेलें नाहीं. मसुद्यांत तें तसेंच पडून आहे. वर पत्त्याची जागा रिकामी.