तीन मिनिटं, एक बादली आणि आमची कल्पना

हॅकेथॉनमध्ये रात्रभर जागून काहीतरी बनवणं एकवेळ सोपं, पण ते तीन मिनिटांत परीक्षकांना सांगणं अवघड! आमच्या चौघांच्या गटाला हे पहिल्याच फेरीत कळलं.

आम्ही गावच्या पाण्याच्या टाकीची पातळी मोबाईलवर दाखवणारं यंत्र बनवलं होतं. मी सुरुवात केली ती देशातल्या पाणीटंचाईपासून. मग गटाची ओळख, मग नकाशा... आणि घंटा वाजली. यंत्र टेबलावर तसंच पडून. एक परीक्षक म्हणाले, "बाळा, त्रास नेमका कुणाला होतो, ते सांग की!"

मग आम्ही सगळं पुन्हा मांडलं. १८० सेकंदांपैकी ४० समस्येला, ८० प्रात्यक्षिकाला, ४० पुढच्या कामाला आणि २० हातात शिल्लक. अंतिम फेरीत माझं पहिलं वाक्य होतं, "आमच्या गावचे वॉलमनकाका टाकी भरली का, हे बघायला रात्रीसुद्धा लोखंडी शिडी चढतात." टंचाईचा एक शब्द नाही. पण सगळे ऐकू लागले.

प्रात्यक्षिकाला टाकी कुठून आणणार? आम्ही बादली घेतली. वर फळीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. तो आवाजाची लहर सोडतो. ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. सरावात एक घोळ झाला होता. मगाने पाणी ओतलं की लाटा उठायच्या आणि आकडा वेड्यासारखा नाचायचा. म्हणून आम्ही पाच मोजमापं घेऊन, ती लहानमोठी लावून, मधलं तेवढं दाखवायचं ठरवलं. एखादं मोजमाप भलतंच आलं तरी ते कडेला पडतं. सभागृहातलं वायफाय गर्दीत लटकतं, त्यामुळे स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट वापरला आणि सगळं बंद पडलंच तर म्हणून आदल्या रात्रीचा व्हिडिओही तयार ठेवला. (तो लागला नाही, पण तो आहे म्हटल्यावर हात थरथरले नाहीत.) बादली भरत आली, बझर वाजला, तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो.

"पुढे काय?" यात आधी आम्ही अख्ख्या तालुक्याचं ॲप लिहिलं होतं. मैत्रीण म्हणाली, "सोमवारी यातलं काय करणार आहोत आपण?" मग तीनच गोष्टी उरल्या: बंद टाकीतल्या दमट हवेत आमचा साधा सेन्सर टिकणार नाही, म्हणून जलरोधक सेन्सर लावायचा, टाकीजवळ इंटरनेट नाही, म्हणून एसएमएस पाठवायचा, आणि एकाच टाकीवर पंधरा दिवस चाचणी घ्यायची.

परीक्षकांनी विचारलं, "सेन्सर बिघडला तर?"

मी म्हटलं, "तर आकड्याऐवजी 'माहिती नाही' असा संदेश जाईल. चुकीचा आकडा नाही. त्या दिवशी काकांना शिडी चढावी लागेल."

ते हसले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. घंटा व्हायला अजून अकरा सेकंद होते.