बांधीचा भाव, शेअरचा भाव आणि सरकारी रोखे

आमच्या दिघोरीत आणि एकूणच भंडारा जिल्ह्यात धानाची बांधी विकत घेताना माणूस दोन प्रश्न विचारतो. भाव काय, आणि वर्षाकाठी हातात काय उरते? शेअर बाजाराची गोष्ट निघाली की हीच माणसे एकच प्रश्न विचारतात: बाजार वर जाणार की खाली? दुसरा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

माझ्या नात्यातल्या एका चाचांनी मागे जमिनीचा तुकडा विकला. मुले बाहेरगावी, स्वतःच्याने शेती होत नाही. व्याज घ्यायचे नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम, त्यामुळे मुदत ठेवीचा प्रश्नच नव्हता. कुणीतरी सांगितले की शेअरमधला नफा हा धंद्यातल्या भागीदारीचा नफा आहे, तो चालतो. मग ते माझ्याकडे आले. "बेटा, आता घेऊ का? बाजार महाग आहे म्हणतात. महाग म्हणजे कशाच्या मानाने?"

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता. निर्देशांक अमुक हजारांवर गेला म्हणून तो महाग होत नाही. महाग म्हणजे कशाच्या तरी मानाने महाग. त्यांना मी जे समजावले तेच इथे सविस्तर लिहितो.

बांधीपासूनच सुरुवात करू. समजा, एका शेताची किंमत दहा लाख रुपये आहे. बियाणे, खत, रोवणी, कापणी, मळणी असा सगळा खर्च वजा जाता वर्षाला चाळीस हजार उरतात. म्हणजे शंभर रुपयांमागे चार रुपये, चार टक्के. हेच उलटे सांगायचे तर शेताची किंमत वर्षाच्या कमाईच्या पंचवीस पट आहे. बाजारातली मंडळी या 'पंचवीस'ला पी-ई म्हणतात, म्हणजे किंमत भागिले नफा. आणि चार टक्क्यांना म्हणतात अर्निंग्ज यील्ड, म्हणजे नफा भागिले किंमत. आपण त्याला नफ्याचा दर म्हणू. शंभराला पी-ईने भागले की हा दर मिळतो. पी-ई वीस असेल तर दर पाच टक्के, पी-ई दहा असेल तर दहा टक्के.

आता हा चार टक्के दर चांगला की वाईट? त्यासाठी शेजारी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. ते म्हणजे भारत सरकारचे दहा वर्षांचे रोखे. सरकार कर्ज काढते आणि ठरलेले व्याज देते, ते बुडण्याची भीती जवळपास नसते. रोख्यांचा बाजारातला दर सात टक्के असेल तर विनाजोखीम शंभराला सात मिळत आहेत. मग जोखीम घेऊन चारच का घ्यायचे? शेअर महाग आहेत का हे पाहण्याची ही ढोबळ कसोटी: नफ्याचा दर एका पारड्यात, सरकारी रोख्यांचा दर दुसऱ्या पारड्यात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 1997 सालच्या एका अहवालात अशी तुलना आली होती. त्यावरून एड यार्देनी या अर्थतज्ज्ञाने तिला 'फेड मॉडेल' असे नाव दिले.

चाचा म्हणाले, "पण मी तर रोखे घेणारच नाही. मला त्यांच्या दराशी काय करायचे?" शंका रास्त आहे आणि आपल्यातल्या अनेकांना ती पडते. पण समजा, तुम्ही घरच्या खाण्यापुरतेच धान पिकवता आणि बाजारात विकत नाही. तरी शेताची किंमत ठरते ती विकणाऱ्यांच्या भावावरूनच. शेअरचेही तसेच आहे. विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी आणि मोठे फंड यांच्यापुढे दोन्ही दारे उघडी असतात. रोखे जास्त देऊ लागले की त्यांचा पैसा तिकडे सरकतो आणि तुमच्या शेअरचा भाव उतरतो. मोजपट्टी म्हणून दर पाहणे आणि व्याज घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खरे उदाहरण घेऊ. 8 जानेवारी 2008 रोजी निफ्टी 6,288 च्या आसपास बंद झाला. पी-ई होता सुमारे 28. म्हणजे 6,288 रुपयांच्या या 'शेता'तून वर्षाला साधारण 225 रुपये नफा निघत होता आणि नफ्याचा दर होता 3.6 टक्के. दहा वर्षांचे सरकारी रोखे त्या वेळी साडेसात टक्क्यांच्या आसपास देत होते. शेअरचा दर रोख्यांच्या निम्म्याहूनही कमी.

पुढे काय झाले ते सगळ्यांना आठवते. 27 ऑक्टोबर 2008 रोजी निफ्टी 2,524 वर आला. पी-ई अकराच्या खाली गेला, म्हणजे नफ्याचा दर नऊ टक्क्यांच्या वर. रोखे मात्र अजूनही साडेसात-पावणेआठच्या घरातच होते. पारडे पूर्ण फिरले होते. गंमत पाहा, 2,524 ला पावणेअकराने भागले तर नफा येतो साधारण 235. जानेवारीत तो 225 होता. मागच्या वर्षभराचा नफा जिथल्या तिथे होता, भाव मात्र साठ टक्के पडला होता. शेत तेच आणि पीकही तेच, फक्त लोक त्यासाठी मोजत असलेली रक्कम बदलली होती.

मग जानेवारी 2008 मध्ये घेणारे वेडे होते का? तसे म्हणता येणार नाही. रोख्याचे साडेसात हे दहा वर्षे साडेसातच राहतात. शेअरचा नफा वाढू शकतो. महागाई वाढली की कंपनी साबण, सिमेंट, मोटारसायकल वाढीव भावाने विकते, जसा धानाचा भाव वाढला की शेताची कमाई वाढते. म्हणून शेतकरी चार टक्क्यांवरही जमीन घेतो. यामुळेच आपल्याकडे निफ्टीचा नफ्याचा दर बहुतेक काळ रोख्यांच्या दरापेक्षा कमीच असतो. 'रोख्यांपेक्षा कमी, म्हणून महाग' असा सरळ नियम लावला तर बाजार जवळजवळ कायमच महाग दिसेल आणि कसोटी निरुपयोगी ठरेल. पाहायचे ते अंतर किती आहे हे, आणि ते भरून काढायला नफा किती वाढावा लागेल हे.

2008 चे अंतर असे मोजता येते. 6,288 रुपये मोजणाऱ्याला स्वतःच्या खरेदी किमतीवर साडेसात टक्के दर दिसायला हवा असेल तर 225 चा नफा 470 व्हावा लागेल. दरवर्षी दहा टक्के वाढ धरली तरी त्याला साधारण आठ वर्षे लागतात. प्रत्यक्षात आठ वर्षांनी, जानेवारी 2016 मध्ये, निफ्टी 7,600 च्या आसपास होता आणि पी-ई एकवीसच्या घरात. म्हणजे नफा साधारण 360. आठ वर्षांपूर्वीच्या किमतीवर तो सहा टक्केही भरत नव्हता. भावात आठ वर्षांत एकवीस टक्क्यांच्या आसपास वाढ आणि वर थोडाफार लाभांश, एवढेच हाती आले. रोखे घेऊन बसलेला त्या काळात दरवर्षी साडेसात घेत होता. कसोटीने जानेवारी 2008 मध्ये एवढेच सांगितले होते की या भावाला पुरेल इतकी वाढ होण्यासाठी सगळे सुरळीत घडावे लागेल. तसे घडले नाही.

पण हीच कसोटी चकवतेही. फेब्रुवारी 2021 मध्ये निफ्टी 15,300 च्या आसपास होता आणि पी-ई चाळीसच्या वर. नफ्याचा दर अडीच टक्क्यांच्याही खाली, रोखे सहाच्या आसपास. अंतर जवळपास 2008 एवढेच. ज्यांनी फक्त अंतर पाहिले त्यांनी विकून टाकले असणार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निफ्टी 18,400 च्या वर होता.

चूक कुठे होती? दोन ठिकाणी. पहिली, त्या पी-ईतला नफा मागच्या चार तिमाहींचा होता आणि त्यात टाळेबंदीची तिमाही होती. ज्या वर्षी पाऊस आला नाही त्या वर्षीच्या पिकावरून बांधीचा दर काढला तर तो दोन टक्के निघेल, पण म्हणून शेत महाग ठरत नाही. दुसरी, राष्ट्रीय शेअर बाजार तोवर फक्त मूळ कंपनीचा नफा धरत असे, तिच्या उपकंपन्यांचा नाही. 31 मार्च 2021 पासून एकत्रित नफा धरायला सुरुवात झाली आणि पी-ई चाळीसच्या वरून एकदम तेहतिसाच्या आसपास आला. भाव तेच, कंपन्या त्याच, फक्त हिशेबाची वही बदलली. म्हणून 2021 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रांगेत मांडताना जपून. वर दिलेले 2008 आणि 2016 चे दोन्ही आकडे जुन्या वहीतले आहेत, म्हणून त्यांची एकमेकांशी तुलना चालते.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. जे फक्त शरियतला मान्य अशा कंपन्याच घेतात, त्यांच्या यादीतून बँका आणि व्याजावर चालणाऱ्या वित्त कंपन्या बाहेर पडतात. निफ्टीत त्यांचा वाटा मोठा आहे आणि बँकांचा पी-ई साधारणपणे साबण-बिस्किटे किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांपेक्षा कमी असतो. म्हणून निफ्टीचा पी-ई पाहून स्वतःच्या यादीबद्दल निष्कर्ष काढू नये. 'निफ्टी 50 शरिया' असा वेगळा निर्देशांक आहे. त्याचा पी-ई घ्यावा आणि त्याची तुलना त्याच्याच मागच्या वर्षांशी करावी.

चाचांना मी शेवटी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. पहिल्या ओळीत शंभर भागिले पी-ई. दुसऱ्या ओळीत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा त्या दिवशीचा दर. तिसऱ्या ओळीत एक प्रश्न: मागचे वर्ष नफ्यासाठी सुकाळाचे होते, दुष्काळाचे होते की नेहमीसारखे? तिसऱ्या ओळीचे उत्तर 'नेहमीसारखे' असेल तरच पहिल्या दोन ओळींवर भरवसा ठेवायचा. अंतर मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या मानाने फारच मोठे असेल तर पैसा एकदम न घालता दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी घालायचा. अंतर लहान असेल किंवा उलटे झाले असेल, तर लोक घाबरलेले असतानाही हात आखडता घ्यायचा नाही. बाजार पुढच्या महिन्यात काय करेल हे या कागदावरून कळत नाही. 2006 मध्येही शेअरचा दर रोख्यांच्या बराच खाली होता आणि तरी भाव पुढे आणखी बरेच चढले.

चाचांनी कागद वाचला आणि विचारले, "मग एकदम सगळे घालायचे नाही, एवढे तर नक्की ना?" मी म्हणालो, त्या दिवसाच्या अंतराकडे पाहता, नाही. त्यांनी रकमेचे बारा भाग केले आणि दर तीन महिन्यांनी एक भाग घालायचे ठरवले.