दोन हजार सहाशे त्र्याहत्तर रुपयांचा फरक

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आपा एरंडोलच्या आमच्या घरी आल्या त्या रागातच. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, पुण्यात दुचाकीवरून पार्सल पोहोचवतो. मोबाइलवर ऑर्डर येते, इकडून सामान उचलायचे, तिकडे नेऊन द्यायचे. आठवड्याला साडेपाच-सहा हजार कमावतो असे तो सांगे, पण बँकेत यायचे तीन-सव्वातीन हजार. भिशीचा हप्ता दोनदा चुकला होता. आपांना वाटले, पोरगा पैसे उडवतो. पोरगा फोनवर म्हणाला, “मामू, कंपनी पैसे खाते. हिसाबच जमत नाही.” आम्ही शाळेत भाषा शिकवणारी माणसे, गणित आमचा विषय नव्हे. तरी त्याला म्हटले, आठवड्याचे पूर्ण स्टेटमेंट पाठव, सगळी पाने.

त्याने आधी एकच पान पाठवले. त्यावर भाड्याची एकूण रक्कम 6,480 रुपये, इन्सेन्टिव्ह 900, कमिशन 1,296 आणि पेनल्टी 150. कमिशन भाड्याच्या वीस टक्के, ते बरोबर होते. भाडे आणि इन्सेन्टिव्ह मिळवून त्यातून कमिशन आणि पेनल्टी वजा केली की 5,934 रुपये उरतात. बँकेत आले होते 3,260 रुपये 20 पैसे. म्हणजे 2,673 रुपये 80 पैसे गायब. आपांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही कागदाकडे. चोरी झाली असेच कुणीही म्हटले असते.

मग त्याला सांगितले की, ॲपमध्ये जिथे जिथे छोटा बाण दिसतो तिथे बोट लावून आतले पान उघड आणि त्याचा फोटो पाठव. असे एकूण चार फोटो आले, आणि सगळी गोष्ट त्या आतल्या पानांवर होती.

सर्वांत मोठी रक्कम रोखीची निघाली. काही ग्राहक भाडे ॲपमधून भरतात, काही दारात रोख देतात. रोख पैसे पोराच्या खिशात जातात, पण हिशेबात ते कंपनीचेच धरले जातात. म्हणून आठवड्याच्या शेवटी कंपनी त्याच्या कमाईतून तेवढी रक्कम वळती करून घेते आणि उरलेलीच बँकेत टाकते. त्या आठवड्याची रोख 2,310 रुपये दाखवली होती. आम्ही विचारले, “हे पैसे कुठे गेले?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पेट्रोल, खानावळ, एकदा पंक्चर.” आपांचा राग तिथेच निम्मा उतरला. पोराने पैसे उडवले नव्हते, तसे कंपनीनेही हे पैसे खाल्ले नव्हते. त्याचीच मजुरी दोन वाटांनी त्याच्याकडे आली होती, आणि खिशातली वाट तो कमाईत मोजतच नव्हता. खर्च तेवढा त्यातून होत होता. घरी महिन्याला किती पाठवता येईल हे ठरवताना आम्ही सगळेच या एका गोष्टीने फसलो होतो.

5,934 मधून 2,310 गेले, राहिले 3,624. पुढच्या पानावर टीडीएस होता, भाडे आणि इन्सेन्टिव्ह मिळून 7,380 होतात त्यावर एक टक्का, म्हणजे 73 रुपये 80 पैसे. ही रक्कम बुडत नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्याच्या पॅनच्या नावे ती जमा दिसते, आणि वर्षाचे उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून परत मागता येते. मात्र पॅन दिलेला नसेल तर एकऐवजी वीस टक्के कापले जातात. पुण्यात त्याच्या खोलीतल्या एका मुलाचे तसेच झाले होते.

इन्सेन्टिव्हचे पान वेगळेच निघाले. 900 पैकी 150 रविवारचे होते. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी रात्री संपतो, पण रविवारच्या ऑर्डरी तपासून इन्सेन्टिव्ह पक्का होतो मंगळवारी. त्यामुळे रक्कम या आठवड्याच्या कमाईत दिसते आणि बँकेत येते पुढच्या आठवड्यात, ‘ॲडजस्टमेंट’ या नावाखाली. पुढच्या स्टेटमेंटमध्ये आम्ही ती शोधली, होती.

आता राहिले 3,400 रुपये 20 पैसे. शेवटच्या पानावर मागच्या आठवड्यातल्या एका ऑर्डरचे 140 रुपये उलटवलेले होते. ग्राहकाने पार्सल उशिरा आल्याची तक्रार केली, कंपनीने भाडे परत केले आणि ते पोराच्या खात्यातून काढले. 3,400.20 मधून 140 गेले की बरोबर 3,260.20. पैशापर्यंत हिशेब जुळला.

आपा उठायच्या बेतात होत्या. पण वर्गात एक गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. मुलाचे उत्तर पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तराशी जुळते आणि पायऱ्या मात्र चुकलेल्या असतात. म्हणून म्हटले, बेरीज जुळली, आता प्रत्येक आकडा खरा आहे का तेही पाहू.

उलटवलेल्या 140 वर मागच्या आठवड्यात वीस टक्के कमिशन, म्हणजे 28 रुपये, आधीच कापलेले होते. पोराच्या हाती त्या ऑर्डरचे 112 आले होते आणि परत गेले 140. जे भाडे मिळालेच नाही त्याचे कमिशन कंपनीकडे राहिले. दुसरी चूक रोखीत होती. सुदैवाने तो मागच्या पंधरा दिवसांपासून रोख आलेल्या ऑर्डरी एका छोट्या वहीत लिहीत होता. वहीची बेरीज 2,210, स्टेटमेंटची 2,310. एकेक ऑर्डर लावून पाहिली तेव्हा शंभरच्या एका ऑर्डरीत ग्राहकाने आधी ‘रोख’ निवडून नंतर ऑनलाइन पैसे भरल्याचे दिसले. ॲपने ती दोन्हीकडे धरली होती. वही नसती तर हे कधीच सापडले नसते, कारण बेरजेत ती चूक दिसतच नाही.

पेनल्टीच्या 150 बद्दलही आम्ही विचारले. तीन ऑर्डरी रद्द केल्याचे प्रत्येकी पन्नास. दोन त्याने थकून सोडल्या होत्या, ते त्याने कबूल केले. तिसरीत दुकान बंद होते. पण त्याने बंद शटरचा फोटो काढला नव्हता, त्यामुळे ते पन्नास आम्ही सोडून दिले.

ॲपमधल्या ‘मदत’मध्ये दोन वेगळ्या तक्रारी केल्या. एकाच तक्रारीत दोन गोष्टी घातल्या की एकीचे उत्तर देऊन तक्रार बंद करतात, हे त्याच्या दोस्तांनी सांगितले होते. प्रत्येकीत ऑर्डरचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि स्क्रीनचा फोटो, बाकी रडगाणे नाही. शंभर रुपये चार दिवसांत परत आले. अठ्ठावीसला उत्तर आले की ते धोरणानुसार आहे. कोणते धोरण, ते लिहिलेले नाही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही आहे. आपल्याकडे ही आयत उधारीच्या वेळी आठवते, मजुरीच्या वेळी क्वचितच. कायदा आता कुठे तिकडे वळतो आहे. अशा कामगारांसाठी पहिला कायदा राजस्थानने 2023 साली केला. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्यात तर कंपनीने पैसे कापले तर कारण कामगाराला कळवले पाहिजे असे आहे. आमचा भाचा पुण्यात आहे, बंगळुरूत असता तर ‘धोरण’ या एका शब्दावर त्याची बोळवण करणे जरा अवघड गेले असते.

आता दर सोमवारी तो आधी वहीची बेरीज करतो, मग स्टेटमेंट उघडतो, आणि सगळ्या आतल्या पानांचे फोटो आम्हाला पाठवतो, कारण ॲपमधून जुने आठवडे काही दिवसांनी निघून जातात. भिशीचा हप्ता आपा आता बँकेतल्या रकमेवर ठरवतात, ॲपवरच्या मोठ्या आकड्यावर नाही. परवा त्याचा फोन आला तेव्हा आवाजात खट्याळपणा होता. “मामू, या हप्त्यात अजून एक ऑर्डर उलटली. कमिशनचे एकोणीस रुपये. अठ्ठावीसमध्ये मिळवून ठेवू का?” आम्ही म्हटले, “ठेव, आणि तक्रार वेगळी कर.”