कोसळलेल्या किल्ल्याचे फोटो

बहरीनमध्ये वाढलेल्या भारतीय मुलांना चित्रकलेच्या पोर्टफोलिओसाठी आर्टिस्ट स्टेटमेंट लिहायला सांगा, दहांतले आठ जण एकच मजकूर आणतात. ‘मी दोन संस्कृतींच्या मध्ये वाढले. माझ्या कलेतून मी माझ्या ओळखीचा शोध घेते.’ खोटे त्यात काही नसते. पण हे वाक्य कोणत्याही चित्राखाली चिकटवता येते, आणि तपासणाऱ्याला नेमके तेच खटकते. मी इथे बरीच वर्षे कला शिकवते आणि बारावीच्या आसपासच्या मुलांचे पोर्टफोलिओ पाहते. माझी कसोटी साधी आहे: स्टेटमेंटमधल्या प्रत्येक वाक्यासाठी एखाद्या फोटोवर बोट ठेवता आले पाहिजे. बोट ठेवता येत नसेल, तर ते वाक्य काढायचे किंवा ते काम करायचे.

आपल्याकडच्या पालकांना हे चमत्कारिक वाटते, आणि त्याचे कारण मला कळते. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांवर वाढलो. महाराष्ट्रात कलेच्या पदवीसाठी जी सीईटी असते, तिथेही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ठरलेल्या वेळात काढून द्यायचे असते. कागद संपला की काम संपले, ते कसे झाले हे कुणी विचारत नाही. इथल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांतली मुले एपी आर्ट अँड डिझाइनचा पोर्टफोलिओ पाठवतात, त्याची रचना मात्र उलटी आहे. ‘सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशन’ या भागाला साठ टक्के वजन आहे. त्यात पंधरा प्रतिमा द्यायच्या असतात आणि त्यांत पूर्ण झालेल्या कामांबरोबर प्रक्रियेचे फोटोही चालतात, किंबहुना अपेक्षितच असतात. सोबत दोन छोटे मजकूर: तुमचा प्रश्न कोणता, आणि सराव, प्रयोग व सुधारणा यांतून काम पुढे कसे गेले. अलीकडच्या वर्षांत प्रत्येक मजकुराला सहाशे अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत हे जेमतेम शंभर शब्द होतात. त्यात ‘ओळखीचा शोध’ लिहिला की तीसेक अक्षरे पाण्यात गेली.

माझ्याकडे आलेल्या एका मराठी मुलीचे काम इथे सविस्तर सांगते. तिच्या परवानगीने, पण नावाशिवाय. तिला थ्री-डी पोर्टफोलिओ करायचा होता. पहिल्या खर्ड्यात अर्थातच दोन संस्कृती होत्या. मी तिला म्हटले, संस्कृती राहू दे, हाताने काय केलेस ते सांग. ती म्हणाली, लहानपणी दिवाळीत फ्लॅटच्या बाल्कनीत बाबांबरोबर किल्ला करायचो, पण इथली वाळू उभी राहत नाही. बुरूज रचला की संध्याकाळपर्यंत ढीग.

हे ऐकल्यावर मी तिला आलीला जायला सांगितले. आली हे बहरीनच्या कुंभारांचे गाव, आणि तिथेच दिल्मुन काळातली थडगी आहेत. युनेस्कोने 2019मध्ये ही थडगी जागतिक वारशाच्या यादीत घेतली. सुमारे इसवी सनपूर्व 2200 ते 1750 या काळातली ही टेकाडे, सगळ्या ठिकाणची मिळून 11,774. आज ती गोलसर ढिगांसारखी दिसतात. मुळात मात्र ते बुटके, दंडगोल बुरूज होते. चार हजार वर्षांत कोसळून, वाऱ्याने झिजून त्यांची टेकाडे झाली. मुलगी परत आली ती प्रश्न घेऊनच: उभा आकार कोसळून ढीग होतो, तेव्हा त्यात पहिल्या आकाराचे काय उरते? या प्रश्नात बाल्कनी होती, बहरीन होते, आणि मुख्य म्हणजे माती घेऊन करून पाहण्यासारखे काहीतरी होते. चांगल्या प्रश्नाची खूण हीच, की तो ऐकताच उद्या सकाळी काय करायचे ते कळते.

पुढची युक्ती तिच्या वडिलांची. ते बांधकामावर इंजिनिअर. ओल्या काँक्रीटचा घट्टपणा तपासायला साइटवर पत्र्याचा एक कोन असतो: उंची तीस सेंटिमीटर, खालचा व्यास वीस, वरचा दहा. त्यात काँक्रीट तीन थरांत भरायचे, प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा ठोसायचा, मग कोन सरळ वर उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचे. तिने काँक्रीटऐवजी वाळू आणि माती भरली. एक भाग मातीला एक भाग वाळू, मग दोन, मग तीन. काँक्रीटवाल्यांना ठाऊक असलेले खचण्याचे तिन्ही प्रकार तिला मिळाले: आकार टिकवून सगळीकडून सारखा बसणारा, एका बाजूने तिरका घसरणारा, आणि पार पसरून जाणारा. तिरका घसरलेला नमुना तिला फार आवडला, कारण त्यात अर्धा बुरूज आणि अर्धे टेकाड एकत्र दिसत होते. शेवटची मोठी शिल्पे त्यातूनच निघाली.

आता फोटोंकडे येते, कारण बहुतेक पोर्टफोलिओ इथेच मार खातात. मुले काम करताना फोटो काढतात खरे, पण ते आठवणीचे फोटो असतात: मातीने माखलेले हात, मागे पसारा, वर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड. अशा फोटोतून काम बदलले हे कळत नाही. तिच्यासाठी आम्ही खोलीच्या एका कोपऱ्यात जमिनीवर खूण करून फोनचा स्टँड कायमचा ठेवला, मागे राखाडी कागद लावला आणि उत्तरेच्या खिडकीचा सकाळचा उजेड घेतला. इथले दुपारचे ऊन मातीचा पोतच खाऊन टाकते. प्रत्येक नमुन्याशेजारी पट्टी आणि तारखेची, प्रमाणाची चिठ्ठी. कोन उचलण्यापूर्वी एक फोटो, उचलल्यावर एक, दुसऱ्या दिवशी एक. जागा, उंची आणि उजेड तेच असल्यामुळे तीन फोटो शेजारी ठेवले की खचणे डोळ्यांना दिसते. असे दोन-तीन फोटो जोडून एकच प्रतिमा करायलाही मुभा आहे. फक्त चौकटीत दहा फोटो कोंबू नयेत, तपासणाऱ्याला मग एकही नीट दिसत नाही.

भाजणीच्या वेळी खरी गंमत झाली. तीस सेंटिमीटरचा भरीव कोन भट्टीत घातला तर आतली वाफ तो फोडणार, म्हणून भाजायचे नमुने तिने दहा सेंटिमीटर उंचीच्या पाइपच्या तुकड्यात केले आणि खालून पोकळ केले. वाळलेत की नाही हे गालाला लावून पाहायचे, गार लागले तर आत अजून ओल आहे. एसीच्या झोताखाली ठेवलेले दोन नमुने एकाच बाजूने तडकले, कारण ती बाजू आधी वाळून आकसली. बाकीचे प्लॅस्टिकखाली हळूहळू वाळवले. हजार अंशांना भाजून काढल्यावर सगळे ठणठणीत दिसत होते. पण दोन-तीन दिवसांत त्यांवर पांढरे ठिपके उमटले, टवके उडू लागले आणि आठवड्याभरात एक बुरूज आपोआप ढासळला.

कारण वाळूत होते. इथल्या समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. भट्टीत त्याची चुनकळी होते आणि मग ती हवेतली ओल पिऊन फुगते, आतून ढकलून पापुद्रे काढते. बहरीनच्या दमट हवेत तिला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. हे आधी ओळखायचे तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकावे, बुडबुडे आले की चुना आहे. कुंभाराच्या दृष्टीने हा नमुना फुकट गेलेला. तिच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र हे घबाड होते: कोसळणे आता हाताने घडवावे लागत नव्हते, मालातच होते. तिने मुद्दाम शिंपल्याची वाळू कमी-जास्त करून पुढची मालिका केली आणि रोज त्याच कोपऱ्यात फोटो काढले. ढासळलेला बुरूज तिने टाकला नव्हता, याला मी पूर्ण गुण देते.

शेवटी पंधरा प्रतिमा निवडल्या त्यात सहा प्रक्रियेच्या होत्या. पहिला मजकूर, मराठीत सांगायचा तर, साधारण असा झाला: ‘उभा आकार कोसळून ढीग होतो तेव्हा पहिल्या आकाराचे काय उरते? सुरुवात दिल्मुनच्या थडग्यांपासून आणि बाल्कनीतल्या वाळूच्या किल्ल्यापासून केली.’ दुसरा असा: ‘काँक्रीट तपासण्याच्या कोनातून माती-वाळूचे नमुने पाडले आणि वाळूचे प्रमाण बदलत गेले (प्रतिमा 2, 3). तिरके घसरलेले नमुने ठेवून त्यांवरून मोठी शिल्पे केली (5, 6). वाळूतल्या शिंपल्यांमुळे भाजलेले काम नंतर ढासळू लागले (8), म्हणून पुढे शिंपल्यांचे प्रमाण मीच ठरवले (9 ते 13).’ यात एकही शोभेचे विशेषण नाही. ‘मीच ठरवले’ हे दोन शब्द सुधारणेचा पुरावा आहेत, आणि आठव्या व नवव्या प्रतिमेत तो दिसतो. कंसातले आकडे द्यायची सक्ती नाही. मी ते लिहायला लावते, कारण आकडा सुचला नाही की वाक्य पोकळ आहे हे मुलाला स्वतःलाच कळते.

कामे झाल्यावर मागाहून बनवलेली ‘प्रक्रिया’ लपत नाही. स्केच शेवटच्या शिल्पाशी रेघेला रेघ जुळते, सगळ्या पानांवर पेन एकच, आणि एकही कल्पना सोडून दिलेली दिसत नाही. खऱ्या वहीत निम्मी पाने कुठेच न पोचलेली असतात. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019मध्ये प्रभाकर बरवे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले, त्यात त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. चित्रविचारावर ‘कोरा कॅनव्हास’सारखे पुस्तक लिहिणारा हा चित्रकार वर्षानुवर्षे टिपणे आणि रेखाटने शेजारी-शेजारी करत राहिला. चित्राचा अर्थ समजावून सांगण्यासाठी ही टिपणे नव्हती, पुढचे चित्र शोधण्यासाठी होती. मुलांना मी ग्लॉसी नमुना पोर्टफोलिओ दाखवण्यापेक्षा हे सांगते. माझ्या विद्यार्थिनीची वही अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी होती, मध्ये वडिलांच्या अक्षरातली प्रमाणे होती. ती पाने तशीच फोटोत गेली.

एपीचे काम मेच्या सुरुवातीला पाठवायचे असते. अक्षरांच्या मर्यादा आणि फोटोंचे नियम अधूनमधून बदलतात, ते त्या वर्षीच्या अधिकृत पुस्तिकेतच पाहावेत, मोठ्या ताईच्या जुन्या फाइलवरून नव्हे. आईबाबांना माझी एवढीच विनंती आहे की मुलाच्या खोलीतले फुटलेले, तडकलेले, पांढरे पडलेले तुकडे साफसफाईत टाकून देऊ नका. आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढू द्या, तारीख लिहू द्या, मग खुशाल टाका.