कमेंटमधलं गिऱ्हाईक

छोट्या उद्योगांना जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवरची माणसं निवडून देणं हा माझा व्यवसाय. साधारण दहा हजार ते एक लाख फॉलोअर असलेल्यांना आम्ही मायक्रो-इन्फ्लुएन्सर म्हणतो. त्यांचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघते. आधी कमेंट वाचते.

समजा, कोल्हापूरच्या एक ताई कांदा-लसूण मसाला करून पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतात. त्यांच्यापुढे रेसिपीवाल्या तिघीजणी आहेत. पहिलीचे फॉलोअर नव्वद हजार, दुसरीचे तीस, तिसरीचे बारा.

प्रत्येकीच्या अलीकडच्या दहा-बारा रील मी उघडते. बक्षीस लावलेल्या आणि एकदम व्हायरल झालेल्या बाजूला ठेवते, कारण तिथे वाट चुकून आलेली गर्दी असते. पहिलीकडे ‘मस्त’, ‘सुपर डिअर’ आणि बदामांची रांग. रील पडताच दर वेळी तीच नावं हजर. त्यांच्या प्रोफाइलवर गेलं की कळतं, त्याही रीलच करतात. एकमेकींना कमेंट देण्याचा हा भिशीसारखा व्यवहार आहे.

दुसरीकडे खरी चर्चा असते. ‘ब्याडगी आणि संकेश्वरीचं प्रमाण काय घेतलंत?’ ‘आमच्याकडे डंकावर कुटून आणतात.’ इथे बरेच जण फसतात. कमेंट अस्सल आहेत, पण लिहिणाऱ्या बायका उन्हाळ्यात वर्षाचा मसाला घरीच करतात. त्या पाकीट कशाला घेतील?

तिसरीकडे प्रश्न साधे असतात. ‘ताई, हा मसाला पुण्यात कुठे मिळेल?’ ‘रूमवर मिक्सर नाही, तयार कुठला घेऊ?’ आणि ती प्रत्येकाला नीट उत्तर देते. माझा कौल हिला.

तरी एवढ्यावर थांबत नाही. बघणाऱ्यांपैकी बहुतेक जण कमेंट करतच नाहीत. रेसिपी नुसती सेव्ह करतात. म्हणून तिच्याकडून इनसाइट्सचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागवते, कारण स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करणं सोपं असतं. त्यात वयोगट, शहरं आणि सेव्ह-शेअरचे आकडे दिसतात. कुरिअर पोचतं ती शहरं वरच्या ओळीत हवीत. मग तिच्या जुन्या जाहिराती बघते. पैसे घेतल्याचं तिने उघड लिहिलंय का? कारण २०२१पासून ‘एएससीआय’ या जाहिरात नियमन संस्थेची तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शिवाय, गेल्याच महिन्यात तिने दुसऱ्या कुणाच्या मसाल्याची तारीफ केली असेल, तर मी थांबते.

सगळं जुळलं तरी पहिलं काम एकाच रीलचं देते, तिच्या नावाच्या वेगळ्या कुपनसह. त्या कुपनावरची पहिली ऑर्डर नुसत्या उत्सुकतेचीही असू शकते. पाकीट संपल्यावर तेच गिऱ्हाईक कुपनाशिवाय परत आलं, तरच मी पुढचा करार करायला सांगते.